पिरॅमिड काढून झाला? आता एका खोलीत चला

ओबी म्हणजे ऑर्गनायझेशनल बिहेवियर शिकणाऱ्या कुणाचीही वही उघडून बघा. मोटिव्हेशनच्या धड्यात पाच पट्ट्यांचा एक त्रिकोण असतोच. पुढच्या पानावर तक्ता असतो. डावीकडे मॅस्लो, उजवीकडे हर्झबर्ग, मध्ये उभी रेघ. मांडणी कोणी केली, कधी केली, गरजा किती, टीका काय. मग व्रूम, मग अ‍ॅडम्स. चार-पाच धडे सोडून नेतृत्व येतं, तिथं पुन्हा तसाच तक्ता. माझी रूममेट एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या वहीत हा तक्ता तीन रंगांच्या पेनांनी काढलेला आहे. सुंदर आहे. पण परवा मी तिला विचारलं, की समजा एका ऑफिसातली माणसं मुद्दाम कमी काम करतायत, तर या चौघांपैकी कुणाला बोलावशील? ती म्हणाली, "असा प्रश्न पेपरला येत नाही गं!"

माझं म्हणणं असं, की हा तक्ता म्हणजे तुलनाच नाही. ती चार लोकांची ओळखपरेड आहे. तुलना करायची तर सगळ्यांना एकाच प्रसंगासमोर उभं करायला हवं आणि प्रत्येकाला काय दिसतं, काय दिसत नाही ते बघायला हवं. आणि असा प्रसंग तुमच्याच पुस्तकात आहे. फक्त त्याचा अर्धाच भाग आपण वाचतो.

हॉथॉर्नचे प्रयोग तुम्हाला ठाऊक आहेत. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची यंत्रं बनवणारा मोठा कारखाना होता, तिथं १९२४ ते १९३२ या काळात हे अभ्यास झाले. पेपरात आपण काय लिहितो? दिवे वाढवले, उत्पादन वाढलं. दिवे कमी केले, तरी वाढलं. म्हणजे माणसाकडे लक्ष दिलं की तो खूश होऊन काम करतो. दहापैकी सात मार्क. पण त्याच कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात आणखी एका खोलीचं निरीक्षण झालं. तिचं नाव बँक वायरिंग ऑब्झर्व्हेशन रूम. तिथंही लक्ष दिलं जात होतं, निरीक्षक रोज खोलीत बसून होता. आणि तिथं उत्पादन वाढलं नाही. आपल्याला कामाची गोष्ट इथं आहे.

खोलीत चौदा पुरुष होते. नऊ वायरमन, तीन सोल्डरिंग करणारे, दोन तपासनीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागणाऱ्या स्विचांच्या 'बँक'वर तारा जोडायच्या, दुसऱ्याने त्या जोडण्यांना सोल्डर लावायचं, तिसऱ्याने तपासायचं. दिवसभर तेच. कंपनीच्या हिशेबाने एका वायरमनने दिवसाला ७,३१२ जोडण्या करायला हव्या होत्या. माणसं साधारण ६,६०० वर थांबायची. हा आकडा कुठं लिहिलेला नव्हता. 'दिवसाला दोन नग' एवढं त्यांच्यात ठरलेलं होतं, बस.

दोन नग झाले की हात मंदावायचे. एखाद्या दिवशी जास्त काम झालंच, तर ते सगळं त्या दिवशी दाखवायचं नाही. थोडं राखून ठेवायचं आणि ज्या दिवशी कमी होईल त्या दिवशी सांगायचं. त्यामुळे कागदावर रोजचा आकडा जवळपास सारखा. कुणी फार वेगाने काम करायला लागला की त्याला टोमणे बसायचे, 'गुलाम' वगैरे नावं पडायची. त्यानेही नाही भागलं तर दंडावर एक सणसणीत ठोसा. याला त्यांचा शब्द होता 'बिंगिंग'. हां, आणि गंमत म्हणजे फार कमी काम करणाऱ्यालाही नावं ठेवली जायची. म्हणजे हे कामचोरांचं टोळकं नव्हतं. वरची मर्यादा होती तशी खालचीही होती. वरिष्ठांना चुगली करणारा तर सगळ्यात वाईट. एक तपासनीस जरा जास्तच नियमाने वागायला लागला, तर बाकीच्यांनी त्याला असं वाळीत टाकलं की शेवटी त्याला तिथून हलवावं लागलं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त आवडते. संशोधकांनी या माणसांच्या बुद्धिमत्तेच्या आणि हातांच्या चपळाईच्या चाचण्या घेतल्या. सगळ्यात कमी उत्पादन करणारा माणूस बुद्धिमत्तेत पहिला आणि चपळाईत तिसरा निघाला. म्हणजे 'जमत नाही म्हणून होत नाही' हे उत्तर बाद.

आता बोलवा एकेकाला.

व्रूम काय म्हणेल

सुरुवात मी व्हिक्टर व्रूमपासून करते, कारण या खोलीत सगळ्यात जास्त त्यालाच दिसतं असं माझं मत आहे. त्याचं पुस्तक १९६४ चं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस काम करण्याआधी मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. मी जोर लावला तर काम होईल का? काम झालं तर त्याचं मला काही मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवंय का? पहिल्याला एक्स्पेक्टन्सी म्हणायचं, दुसऱ्याला इन्स्ट्रुमेंटॅलिटी, तिसऱ्याला व्हॅलन्स. शब्द अवघड आहेत, प्रश्न अवघड नाहीत. महत्त्वाचं हे, की तिघांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक जरी शून्य झाला तर बाकीचे कितीही मोठे असोत, उत्तर शून्य. पेपरात हे सूत्र सगळे लिहितात आणि गुणाकाराचं चिन्ह का आहे हे कुणीच लिहीत नाही!

खोलीत बघा. पहिला प्रश्न: जोर लावला तर ७,३१२ होतील का? बऱ्याच जणांचं होण्यासारखं होतं. इथं अडचण नाही. तिसरा प्रश्न: पैसे हवेत का? १९३१-३२ म्हणजे महामंदी. पैसे नकोत असं कोण म्हणेल? अडलं आहे दुसऱ्या प्रश्नावर. कारण मजुरी गटाच्या एकूण उत्पादनावर ठरायची आणि मग आपापल्या दराप्रमाणे वाटली जायची. साधं गणित करू. सगळ्यांचा दर आणि सगळ्यांचं काम सारखं धरा. चौदापैकी एकाने दहा टक्के जास्त काम केलं, बाकीचे होते तिथंच राहिले. गटाची कमाई वाढली जेमतेम ०.७ टक्के. आणि तीही सगळ्यांत वाटली जाणार. म्हणजे घाम दहा टक्क्यांचा आणि पगारात पाऊण टक्कासुद्धा नाही.

बरं, फायदा एवढासा, पण तोटा? माणसांना वाटत होतं, की उत्पादन वाढलं तर कंपनी नगामागचा दर कमी करेल, अपेक्षित आकडा वर सरकवेल, किंवा 'एवढं काम तेरा जणांत होतंय तर चौदावा कशाला' म्हणून कुणाला तरी घरी पाठवेल. वर मित्रांचा ठोसा आहेच. व्रूमच्या भाषेत हे नको असलेले परिणाम आहेत आणि ते घडण्याची शक्यता माणसाला मोठी वाटतेय. सगळं मिळून हिशेब लावला तर ६,६०० वर थांबणं हा आळस उरत नाही, शहाणपणा ठरतो.

अर्थात व्रूमचीही मर्यादा इथंच दिसते. असा थंड डोक्याने हिशेब करून कुणी तार जोडत नाही. शिवाय व्रूमचा माणूस एकटा बसून विचार करतो. पण 'दोन नग' हा आकडा एकट्याने ठरवलेला नव्हता. तो गटाचा होता. कमी काम करणाऱ्याला का बोललं जायचं, हे व्रूमला नीट सांगता येत नाही.

ते सांगतो जे. स्टेसी अ‍ॅडम्स. त्याची इक्विटी थिअरी १९६३ च्या सुमाराची. माणूस आपला पगार नुसता बघत नाही, 'मी किती घालतोय आणि मला किती मिळतंय' याची शेजाऱ्याशी तुलना करतो. ऑफिसात पगाराची स्लिप का लपवतात, हे कळायला अ‍ॅडम्स वाचायला नको! आता खोलीत मिळकत गटात बांधलेली आहे, तर न्याय टिकवायचा एकच मार्ग उरतो: कष्टही सारखे ठेवायचे. कमी करणारा इतरांच्या घामावर जेवतो, म्हणून तो वाईट. जास्त करणारा इतरांना आळशी ठरवतो, म्हणून तोही वाईट. वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा एका फटक्यात समजतात. म्हणून मी म्हणते, व्रूम आणि अ‍ॅडम्स यांना तक्त्याच्या दोन रकान्यांत एकमेकांविरुद्ध उभं करू नका. आकडा वर का जात नाही हे एक सांगतो, आणि तो खालीही का जात नाही हे दुसरा सांगतो.

फ्रेडरिक हर्झबर्ग या खोलीत आला तर पैशाकडे बघणारच नाही. त्याने १९५९ साली पुस्तक लिहिलं ते पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनीअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारून. कामात खूप छान वाटलं तो प्रसंग सांगा, खूप वाईट वाटलं तो सांगा. छान वाटण्याच्या गोष्टींत यश, कौतुक, कामातली मजा, जबाबदारी आली. वाईट वाटण्याच्या गोष्टींत धोरणं, साहेब, पगार, कामाची जागा. म्हणून तो म्हणाला, दुसऱ्या यादीतलं सुधारलं तर कुरकुर थांबेल, पण उत्साह येणार नाही. या मांडणीवर जुना आक्षेप आहे: छान झालं ते माझ्यामुळे आणि वाईट झालं ते कंपनीमुळे, असं माणूस सांगणारच. आक्षेप योग्य आहे. तरीही या खोलीत हर्झबर्गला एक गोष्ट दिसते, जी बाकी कुणाला दिसत नाही. वायरमन आणि सोल्डरिंगवाले मधूनमधून एकमेकांची कामं बदलून करायचे. नियमाप्रमाणे याला परवानगी नव्हती आणि यात एक पैसाही जास्त मिळत नव्हता. मग का करायचे? दिवसभर तीच तार जोडून कंटाळा येतो, म्हणून. व्यवस्थापनाने कामात वैविध्य दिलं नाही, तर माणसांनी ते चोरून मिळवलं. 'जॉब रोटेशन'साठी उदाहरण शोधत असाल तर याहून चांगलं मिळणार नाही.

राहिला मॅस्लो. आधी एक सांगून टाकते: १९४३ च्या त्याच्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच. तो नंतर इतरांनी काढला. पट्ट्यांमुळे असं वाटतं, की खालची पट्टी पूर्ण भरल्याशिवाय माणूस वर चढत नाही. मॅस्लोने स्वतः इतकं कडक म्हटलेलं नव्हतं. खोलीतही बघा, नोकरी टिकण्याची भीती म्हणजे सुरक्षितता आणि गटात सामावून घेतलं जाणं म्हणजे आपलेपणा, या दोन पट्ट्या वेगळ्या काढताच येत नाहीत. गटात राहिलात तरच आकडा सगळ्यांचा सारखा राहणार आणि तरच नोकरी वाचणार, असा त्यांचा हिशेब. मॅस्लोचा उपयोग एवढाच, की या माणसांना काय हवंय हे बघायला तो सुचवतो. पुढे काय करायचं, हे तो सांगत नाही. पेपरात त्याला सगळ्यात जास्त जागा का मिळते? चित्र काढता येतं म्हणून, असं माझं तरी मत आहे.

आणि साहेब काय करत होता?

आता नेतृत्वाचा धडा. पुस्तकात तो लांब आहे, पण खोलीत तो त्याच दारातून आत येतो. माणसांच्या अगदी वरचा साहेब म्हणजे ग्रुप चीफ. त्याला सगळं माहीत होतं. आकडे जुळवलेले आहेत, कामं बदलली जातायत, सगळं. तो दुर्लक्ष करायचा. त्याच्यासमोर माणसं मोकळेपणाने वागायची. त्याच्याही वरचा फोरमन आला की मात्र सगळे शिस्तीत. ग्रुप चीफची पंचाईत समजून घ्या. नियम दाखवला तर माणसं तुटणार, आणि माणसं तुटली तर काम आणखी खाली येणार. दुर्लक्ष केलं तर वरच्याला खोटे आकडे जाणार. त्याने माणसं निवडली.

हर्सी आणि ब्लँचर्ड यांचं सिच्युएशनल लीडरशिप मॉडेल, १९६९ चं, या साहेबाला काय सल्ला देईल? इथं परीक्षेत सर्रास चूक होते, म्हणून थांबून सांगते. 'माणसं काम करत नाहीत' असं वाचलं की आपण लिहितो: टेलिंग, म्हणजे स्पष्ट हुकूम द्या, लक्ष ठेवा. पण टेलिंग कुणासाठी आहे? ज्याला काम येत नाही आणि आत्मविश्वास किंवा इच्छाही नाही, त्याच्यासाठी. आपल्या वायरमनना काम उत्तम येतं, इच्छा नाही. म्हणजे तयारीची तिसरी पातळी. तिथं मॉडेल सांगतं पार्टिसिपेटिंग: हुकूम कमी, बोलणं जास्त, निर्णयात सहभाग. कामच माहीत असलेल्या माणसाला 'तार अशी जोड' म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या इच्छेचा उरलासुरला भागही घालवणं. या मॉडेलला संशोधनाचा आधार मात्र तसा कच्चा आहे. नव्या, न शिकलेल्या माणसाला स्पष्ट सूचना लागतात, एवढा भाग बऱ्यापैकी टिकतो. वरच्या पातळ्यांबद्दल खात्री देता येत नाही. कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये ते इतकं का चालतं? चार चौकोन आहेत, लक्षात राहतं. पुन्हा चित्रच!

फिडलर (१९६७) याच्या अगदी उलट टोकाला. तो म्हणतो, साहेबाचा स्वभाव बदलत नाही. परिस्थिती बदला किंवा साहेब बदला. त्याच्यावर इथं जास्त थांबत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की 'फिडलर आणि हर्सी-ब्लँचर्ड यांतला फरक सांगा' या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्यात आहे: पहिला माणूस बदलू शकतो असं मानत नाही, दुसरे मानतात. बाकी पानभर तपशील.

माझा लाडका आहे रॉबर्ट हाउस. त्याची पाथ-गोल थिअरी १९७१ ची. दोन धड्यांच्या मधली भिंत याने पाडली. हाउसने नेतृत्वाची मांडणी थेट व्रूमच्या प्रश्नांवर उभी केली. त्याच्या मते साहेबाचं काम असं: माणसाच्या कष्टापासून त्याला हव्या असलेल्या गोष्टीपर्यंतचा रस्ता मोकळा करणं. रस्ता दिसत नसेल तर दाखव, मध्ये दगड असेल तर उचल, काम कंटाळवाणं असेल तर निदान माणसाशी नीट वाग. म्हणून ज्या कामात सगळं आधीच ठरलेलं आहे, तिथं आणखी सूचना देणारा साहेब नकोसा होतो आणि आधार देणारा साहेब हवासा. ग्रुप चीफ नेमका हेच करत होता, पुस्तक न वाचता, चाळीस वर्षं आधी.

मग तरीही आकडा ६,६०० वरच का? हाउसला हाच प्रश्न विचारला, की उत्तर मिळतं. दगड कुठं होता? कष्ट आणि मोबदला यांच्या मधे. तो ठेवला कुणी? मजुरीच्या पद्धतीने आणि मंदीने. ग्रुप चीफच्या हातात यातलं काय होतं? काहीही नाही. दर ठरवणं त्याच्या हातात नव्हतं, कामावरून कमी करणार नाही असं वचन देणंही नव्हतं. आणि आपली नेतृत्वाची पुस्तकं, विशेषतः परिणामकारक नेत्याचे गुण वगैरे धडे, हे गृहीत धरून चालतात, की साहेब चांगला असला की दगड हलतो. काही दगड साहेबाच्या पगाराच्या इयत्तेबाहेरचे असतात. हे एक वाक्य तुम्ही नेतृत्वाच्या प्रत्येक उत्तरात टीका म्हणून लिहू शकता, आणि ते प्रत्येक वेळी खरं असेल.

इथं कुणी म्हणेल, गटावर पगार ठेवला की माणसं ढिली पडतातच. नाही पडत. मुंबईचे डबेवाले बघा. त्यांच्यावर हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस स्टडी केली आणि आपण ती प्रत्येक उत्तरात मिठासारखी घालतो. पण तुलनेला ती खरंच उपयोगी आहे. तिथंही टोळी असते, मुकादम असतो, टोळीची कमाई जवळपास सारखी वाटली जाते. बँक वायरिंगच्या खोलीसारखंच. मग तिथं गट डबा वेळेवर पोचवण्यासाठी दबाव आणतो आणि इथं गट हात आखडता घेण्यासाठी, असं का? कारण डबेवाला मालकही आहे. जास्त ग्राहक आले तर दर कापणारा वरचा कुणी नाही. डबा चुकला तर ग्राहक टोळीचा जातो. गटाची ताकद दोन्हीकडे तेवढीच. हॉथॉर्नमध्ये ती कंपनीपासून स्वतःला वाचवायला वापरली गेली, मुंबईत धंदा वाचवायला. मुकादमाला रोज भाषण द्यावं लागत नाही, कारण गाडीची वेळ, डब्यावरची खूण आणि शेजारी उभा असलेला गाववाला मिळून त्याचं अर्धं काम करतात. कर आणि जर्मियर यांनी १९७८ साली अशाच गोष्टींना नेतृत्वाचे पर्याय म्हटलं होतं. कामाची पद्धत पक्की आणि गट घट्ट असेल तर साहेबाची गरजच कमी होते. या मुद्द्याला बहुतेक नोट्समध्ये दोन ओळी असतात. मला वाटतं, दोन पानं हवीत.

तुमच्या इंटर्नशिपमधली खोली

जुन्या कारखान्याचं काय सांगतेस, असं वाटत असेल तर हे ऐका. माझी एक मैत्रीण एका क्लासच्या टेलिकॉलिंग टीममध्ये आहे. फोन करायचे, पालकांना पटवायचं, अ‍ॅडमिशन आणायच्या. महिन्याला तीस अ‍ॅडमिशनचं टार्गेट, त्यावर प्रत्येकी चारशे रुपये. जूनमध्ये तिने एक्केचाळीस आणल्या. वरच्या अकरांचे चार हजार चारशे मिळाले. पार्टी झाली. जुलैत तिचं टार्गेट अडतीस झालं, 'तू करू शकतेस ना!' म्हणून. जुलैत पुन्हा एक्केचाळीसच आणल्या. मिळाले बाराशे. काम तेच, मोबदला तीन हजार दोनशेने कमी. ऑगस्टमध्ये ती काय करतेय सांगा बघू? अडतीस झाल्या की पालकांना सांगते, "फी पुढच्या महिन्यात एक तारखेनंतर भरा, चालेल." फॉर्म ड्रॉवरमध्ये. टीममधल्या जुन्या मुलींनी तिला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तेव्हा तिला ते पटलं नव्हतं. ठोसा कुणी मारला नाही, पण जूनच्या पार्टीनंतर दोघीजणी तिच्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हत्या. कारण तिच्या एक्केचाळीसमुळे त्यांचीही टार्गेटं वाढली.

आता तुम्ही तिच्या टीम लीडर आहात असं समजा. काय बिघडलंय, हे कसं ओळखाल? आकड्यांची रांग बघा. वेगवेगळ्या माणसांचे आकडे महिन्यामागून महिने टार्गेटच्या जरा वर येऊन तिथंच थांबत असतील, कुणीच फार पुढे जात नसेल आणि महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत एकदम पूर येत असेल, तर माणसांना काम येतंय आणि ती ते राखून ठेवतायत. व्रूमचा दुसरा प्रश्न अडलाय. याउलट एखादी दिवसभर फोन करतेय आणि आकडा कधी आठ, कधी बावीस असा भरकटतोय, तर अडलाय पहिला प्रश्न. तिला बोलायला शिकवा, किंवा तिला मिळणाऱ्या फोन नंबरांची यादी तपासा. तिथं हर्सी-ब्लँचर्डचं टेलिंग चालेल. आणि जिला आकडाही जमतो, पैसेही मिळतात, तरी दोन महिन्यांत राजीनामा देते, तिच्याशी आधी बोला. पैसे तिला पुरेसे वाटत नसतील किंवा काम, आणि कामच असेल तर हर्झबर्गला बोलवा.

मैत्रिणीच्या टीम लीडरने काय केलं? सकाळी साडेनऊला सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आठवड्याची 'स्टार कॉलर' निवडली, तिचा फोटो बोर्डवर लावला. हे वाईट नाही. हर्झबर्ग याला कौतुक म्हणेल. पण गुणाकारात मधली संख्या जवळपास शून्य असताना तिसरी वाढवून काय होणार? आणि फोटो लागलेल्या मुलीचं टार्गेट पुढच्या महिन्यात वाढणार हे सगळ्यांना माहीत असेल, तर तो फोटो कुणाला हवाय? बक्षीसच शिक्षा झालं. एक इलाज म्हणजे टार्गेट निदान सहा महिने गोठवणं, म्हणजे एकीने जास्त केलं म्हणून तिलाच आणि तिच्या मैत्रिणींना दंड बसणार नाही. त्यातही धोका आहे. टार्गेट फार खाली गोठलं तर क्लासचा खर्च वाढेल, मालक सहा महिन्यांनी एकदम मोठी उडी मारेल, आणि मुलींना ते आधीच कळलेलं असेल.

मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं, तिने टीम लीडरला सांगितलं. टीम लीडरचं म्हणणं, की तिला हे गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. टार्गेट हेड ऑफिस ठरवतं. तिने दोन मेल पाठवलेत, उत्तर आलेलं नाही. तोवर ती महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलींच्या ड्रॉवरकडे बघत नाही.